बिघडलेल्या आकड्यांतून उतार कसा काढावा?

बेल्जियममधून परदेशी गेलेल्या फोन कॉलची एक आकडेवारी संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. 1958 ते 1964 या सात वर्षांचे आकडे लाखांत असे : 106, 120, 135, 149, 161, 212 आणि 1190. शेवटच्या वर्षी बेल्जियन लोक एकाएकी फोनवेडे झाले नव्हते. 1964 पासून कॉलच्या संख्येऐवजी बोलण्याची एकूण मिनिटे नोंदली जाऊ लागली होती.

या सात बिंदूंतून लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढली, तर दरवर्षी सुमारे 124 लाख कॉल वाढले असे उत्तर येते. 1964 वगळले की तेच उत्तर 19 लाखांवर उतरते. असे होते कारण ही पद्धत प्रत्येक बिंदूच्या रेषेपासूनच्या अंतराचा वर्ग करते. दूर पडलेल्या एकाच बिंदूचा वर्ग एवढा मोठा होतो की रेषेला त्याच्याकडे झुकावेच लागते.

डच अर्थमितीतज्ज्ञ हेन्री थाइल यांनी 1950 मध्ये वेगळी वाट सुचवली. कलकत्त्यात शिकलेले प्रणव कुमार सेन यांनी 1968 मध्ये तिचा विस्तार केला. आज भारतातल्या पावसाच्या आणि भूजलाच्या अभ्यासांत ती ‘सेन्स स्लोप’ या नावाने सर्रास भेटते. करायचे एवढेच : बिंदूंची प्रत्येक जोडी घ्यायची, तिचा उतार काढायचा, सगळे उतार चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा.

सात वर्षांच्या 21 जोड्या होतात. 1958 आणि 1959 ची जोडी 14 लाखांचा उतार देते, तर 1963 आणि 1964 ची तब्बल 978 लाखांचा. पण हा 978 रांगेच्या टोकाला जाऊन बसतो. तो 9,780 असता तरी मधला आकडा हलला नसता. मधला म्हणजे अकरावा उतार येतो 21.2 लाख.

हा अकरावा उतार जरा नीट पाहायला हवा. पहिल्या पाच वर्षांच्या दहा जोड्यांचे उतार 12 ते 15 लाखांच्या आत आहेत. अकरावा मात्र 1958 आणि 1963 च्या जोडीचा आहे, आणि नोंदीतला बदल 1963 च्या आकड्यातही थोडा शिरलेला मानला जातो. म्हणूनच उत्तर 14 च्या आसपास न थांबता 21 वर गेले. 1963 चा आकडाही हजाराच्या घरात असता, तर अकरावा उतारच शंभराच्या वर गेला असता.

जोडी निर्दोष असायची तर तिची दोन्ही टोके निर्दोष लागतात. त्यामुळे मोठ्या नमुन्यात सुमारे 29 टक्क्यांपर्यंतच बिघडलेले बिंदू ही पद्धत सोसते. सातांत दोन पूर्ण बिघडले तर तिचा आधार सुटतो. म्हणून फक्त मधला आकडा न पाहता उतारांची अख्खी रांग डोळ्यांखालून घालावी. इथे 51 नंतर एकदम 181 येतो, आणि त्यापुढच्या सहाही जोड्यांत 1964 आहे.