तक्रारी शून्य, तरी मेल स्पॅममध्ये? आलेख असा वाचा

पुणे : समजा, मार्केट यार्डातल्या एका आडत्याने कांद्याचे भाव ४,००० जीमेल ग्राहकांना पाठवले आणि १२ जणांनी मेल ‘स्पॅम’ ठरवला. गूगलच्या Postmaster Tools मध्ये तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्के दिसेल. हीच धोक्याची रेषा; गूगलला ते ०.१ टक्क्याखाली हवे असते.

आठवड्याने आकडा शून्यावर आला, तर लगेच खूश होऊ नका. हे प्रमाण इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या मेलवरच काढतात. ३,६०० मेल थेट स्पॅममध्ये गेले, तर तक्रार करणार कोण? ऑथेंटिकेशन १०० टक्के असले, तरी त्यातून पाठवणारा खरा आहे एवढेच कळते. त्यामुळे भावांच्या लिंकवरचे क्लिकही तपासा. तेही त्याच दिवसांत कोसळले असतील, तर मेल स्पॅममध्ये जात असण्याचीच शक्यता जास्त.