लोणार, दोन वाचकांसाठी

लोणार सरोवरावरचा मोठा लेख थोडक्यात सांगायचा आहे. भूवैज्ञानिकाला एवढं पुरेल: ‘बेसाल्टमधील सुमारे १.८ किमी व्यासाचे आघातविवर. मॅस्केलिनाइट हा पुरावा.’ दहा वर्षांच्या मुलीसाठी ‘मॅस्केलिनाइट’ गाळावा, पुरावा मात्र ठेवावा: ‘आकाशातून मोठा दगड काळ्या खडकावर आदळला आणि प्रचंड खड्डा पडला. त्या दणक्याने खडकातल्या काही स्फटिकांची काच झाली. ज्वालामुखीतून अशी काच बनत नाही, म्हणून दगड आदळल्याचं कळलं.’ मुलीचा सारांश लांबला, कारण तज्ज्ञाच्या एका शब्दात दडलेलं कारण उलगडावं लागलं. इथे नुसतं ‘खडक वितळला’ लिहिलं तर वाक्य सोपं होतं, पण पुरावाच हरवतो. ज्वालामुखीतही खडक वितळतोच की!