कोण काय म्हणालं ते नको, काय ठरलं ते लिहा

व्हिडिओत मी हे फळ्यावर पटकन दाखवलं होतं. बऱ्याच जणांनी तोच नमुना लिहून मागितला, म्हणून इथे सावकाश सांगतो.

आधी माझीच फजिती. माझ्या पहिल्या धंद्यात मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मी एक शब्द सोडत नसे. एकदा दिवाळीच्या तोंडावर पॅकिंगचं सामान मागवायचं होतं. वहीत पाच पानं भरली होती, आणि त्यात कुठेतरी ‘पिशव्या मागवायला हव्यात’ असंही होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा मागवेल. माल तयार झाला आणि भरायला पिशव्याच नाहीत! भांडायला बसलो तेव्हा वही काढली. कोण काय बोललं ते सगळं सापडलं, पण मागवायचं कोणी होतं ते कुठेच नव्हतं.

आता एक नमुना घेऊ. चार जणांची फराळाची भागीदारी आहे. ५ सप्टेंबरच्या मीटिंगची वही अशी:

> काकू म्हणाल्या, मागच्या दिवाळीत चिवडा मऊ पडल्याच्या तक्रारी आल्या. दादा म्हणाले, पिशवी पातळ आहे, जाड घ्यायला हवी. ताई म्हणाल्या, जाड पिशवी सव्वा रुपयाने महाग पडते, यंदा ३,००० पाकिटं आहेत. हिशेब बघणारे भाऊ म्हणाले, मागच्या वर्षी १४० पाकिटं परत आली, पाकिटामागे ११० रुपये गेले. काकू म्हणाल्या, मग जाडच घेऊ. ताई म्हणाल्या, चालेल, पण आधी नमुना तपासू. सगळे हो म्हणाले. दादा म्हणाले, पिशवीवाल्याशी मी बोलतो, त्याला १५ दिवस लागतात. काकू म्हणाल्या, ५ ऑक्टोबरला पॅकिंग सुरू करायचंय. मग उधारीचा विषय निघाला. भाऊ म्हणाले, ३० दिवसांच्या वर नको. दादा म्हणाले, जुनी दुकानं तुटतील. बरीच चर्चा झाली. लवकरात लवकर बघायचं ठरलं.

पहिली पायरी: समासात खुणा करा

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहा. सगळ्यांनी मान्य केलेल्या गोष्टीपुढे ‘नि’, म्हणजे निर्णय. कोणीतरी अंगावर घेतलेल्या कामापुढे ‘का’. निर्णयाला आधार देणाऱ्या आकड्यापुढे किंवा माहितीपुढे ‘मा’. बोलणं झालं पण ठरलं नाही, तिथे ‘बा’, म्हणजे बाकी. ज्याला काहीच लागत नाही, ते वाक्य खोडा.

‘दादा म्हणाले, पिशवी पातळ आहे’ हे मत आहे, ते खोडलं. ‘जाडच घेऊ’ आणि ‘आधी नमुना तपासू’ ही दोन वाक्यं मिळून एक ‘नि’ होतो. नवीन माणूस इथेच चुकतो. तो ‘जाड पिशवी घ्यायची’ एवढंच लिहितो आणि ताईंची अट गळून पडते. अट गळली की निर्णयच बदलतो. चिवडा कदाचित सील नीट न बसल्यामुळेही मऊ पडत असेल. तसं असेल तर जाड पिशवीचे पैसे वाया.

उधारीपुढे मात्र ‘बा’. भाऊ ठामपणे बोलले म्हणून ‘३० दिवसांची मर्यादा ठरली’ असं लिहायचं नाही. दादांनी हो म्हटलेलं नाही. ‘बघू’, ‘करायला हवं’, ‘लवकरात लवकर’ हे शब्द दिसले की समजा, निर्णय झालेला नाही.

दुसरी पायरी: भोकं शोधा

प्रत्येक कामाला चार गोष्टी लागतात: एक माणूस, एक नेमकी कृती, कॅलेंडरवरची तारीख आणि काम झालं हे कशावरून कळणार. ‘पिशवीवाल्याशी बोलतो’ यात माणूस आहे, बाकी तिन्ही नाहीत. बोलून काय आणायचं? कधीपर्यंत? आणि नमुना तपासायचं तर कोणीच अंगावर घेतलेलं नाही.

ही भोकं लिहिणाऱ्याने मनाने बुजवायची नाहीत. त्याच दिवशी फोन करून विचारायचं, ‘काकू, नमुना तुम्ही तपासाल का?’ काकू हो म्हणाल्या तरच त्यांचं नाव.

तारीख उलटी मोजत या. पॅकिंग ५ ऑक्टोबरला, पिशव्यांना १५ दिवस, म्हणजे ऑर्डर फार तर २० सप्टेंबरला जायला हवी. दोन-तीन दिवस हाताशी ठेवले, तर १७. चिवडा भरून आठवडाभर ठेवायचा, तर नमुना ८ तारखेला हातात हवा. ‘पुढच्या आठवड्यात’ असं लिहून हे कधीच कळलं नसतं.

तिसरी पायरी: नव्याने लिहा

> निर्णय: चिवड्यासाठी जाड पिशवी घ्यायची, नमुना तपासणीत उतरला तरच. कारण: जादा खर्च ३,७५० रुपये, मागच्या वर्षी परतीचा तोटा १५,४०० रुपये.
>
> कामं:
> १. दादा: जाड पिशवीचे १० नमुने आणून काकूंना देणे, ८ सप्टेंबर.
> २. काकू: जुन्या आणि नव्या पिशवीत एकाच घाण्याचा चिवडा भरून ठेवणे, १६ सप्टेंबरला उघडून निकाल ग्रुपवर टाकणे.
> ३. दादा: निकाल चांगला आला तर १७ सप्टेंबरला ३,००० पिशव्यांची ऑर्डर देऊन पावतीचा फोटो टाकणे.
>
> बाकी: उधारीची मर्यादा. ३० दिवसांच्या वर थकलेल्या दुकानांची यादी भाऊ पुढच्या मीटिंगला आणतील, मग ठरवू.

यादी आणण्याचं कामही भाऊंना फोन करून विचारूनच लिहिलंय. कारण मात्र एका ओळीत ठेवाच. चार महिन्यांनी कोणी विचारलं, ‘महागाची पिशवी कशाला घेतली?’ तर उत्तर तिथेच असतं. त्याच दोन आकड्यांसाठी आपण ‘मा’ची खूण केली होती. एखाद्या भागीदाराने ‘माझा विरोध नोंदवा’ असं सांगितलं, तर तेही एका वाक्यात लिहा.

कामापुढे ‘सर्वजण’ किंवा ‘दादा व ताई’ असं लिहू नका. दोघांनी मिळून करायचं असलं, तरी जबाबदार नाव एकाचंच.

पाठवण्याआधी

हा मजकूर त्याच दिवशी ग्रुपवर टाका आणि लिहा: ‘काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.’ तोवर कच्ची वही ठेवा, कारण ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ असा वाद निघाला तर तीच कामी येते. पुढची मीटिंग याच यादीने सुरू करा. झालेलं काम खोडा. न झालेल्याला नवी तारीख द्या, पण जुनी पुसू नका. एकाच कामापुढे तीन तारखा दिसल्या की अडचण माणसाची आहे की कामाची, हे विचारायची वेळ आली.

एक मर्यादा लक्षात घ्या. हा नमुना रोजच्या कामाच्या मीटिंगसाठी आहे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ नुसार ३० दिवसांत रीतसर नोंदवावं लागतं. ते सीए किंवा सीएसना विचारूनच करा.

आता तुमच्या मागच्या मीटिंगची वही काढा आणि समासात खुणा करा. चार पानांत एकही ‘नि’ सापडला नाही, तर दोष लिहिणाऱ्याचा नाही. त्या मीटिंगमध्ये काही ठरलंच नव्हतं. तसं असेल तर तेही स्पष्ट लिहा, आणि ते सगळे विषय ‘बाकी’खाली टाकून पुढच्या मीटिंगला सगळ्यात आधी घ्या.