सडा जागा असतो तेव्हा

प्रिय शहाणे,

पुण्याच्या कॉलेजात नाव लागूनही मी रत्नागिरी सोडली नाही, म्हणून तू फोनवर जे काही बोललीस ते आईलाही ऐकू गेलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता लिहिते.

मला वनस्पतिशास्त्र शिकायचंय. कॉलेज भरणार पावसाळ्यात. मी पुण्याहून घरी येणार दिवाळीत, नाहीतर मेमध्ये. आणि आपला सडा जिवंत असतो तो जून ते सप्टेंबर! सुट्टीत येऊन मला दिसणार काय, तर वाळकं गवत आणि तापलेला जांभा.

पाऊस लागला की जमिनीतल्या कांद्यातून दीपकाडी वर येते, पांढरी फुलं देते आणि बघता बघता संपते. कोकणाबाहेर ती शोधूनही सापडणं कठीण. पुढे खळग्यांत पाणी साचलं की गेंद आणि सीतेची आसवं. ही निळीजांभळी फुलं दिसायला गरीब, पण झाड शिकारी. ओल्या मातीत त्याचे टाचणीच्या डोक्याएवढे फुगे असतात. दाराशी असलेल्या केसांना सूक्ष्म जीव लागला, की दार उघडून पाण्यासकट तो आत ओढला जातो. जांभ्यावरच्या बोटभर मातीत नत्र फारसं नसतंच, ते असं मिळवायचं.

सुतळीने मीटरभर चौरस आखायचा, दर रविवारी त्याच चौरसात कोण उगवलं, किती, ते मोजायचं, असं ठरवलंय. कुणामागून कोण येतं हे एका सहलीत कळत नाही. पंधरा दिवस चुकले तर एखादं फूल थेट पुढच्या वर्षी.

कॉलेजही डोळे मिटून नाही घेतलं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं जर्नल मागून पाहिलं. खोडाच्या छेदाची आकृती पुस्तकासारखी गुळगुळीत असती, तर मी पुण्याला आले असते. तिची वाकडी होती, एका बाजूला फाटलेली. म्हणजे छेद तिने स्वतः घेतला होता. सूक्ष्मदर्शकांतल्या दोघांच्या भिंगांवर मात्र बुरशी होती. आपल्या दमट हवेत ती लागतेच, पण पुसायला कुणाला वेळ नसावा. पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच येणार. खोली-मेसचा खर्च वाचतो, हे बाबांचं कारण, माझं नव्हे.

एक गोष्ट मात्र गमावली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह तुमच्या पुण्यात आहे. गेंदाच्या दोन जाती फुलाच्या आत डोकावल्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत आणि खात्री करायला जुना, नाव लावलेला नमुना शेजारी लागतो. तो इथे नाही. तेव्हा दिवाळीनंतर वर्तमानपत्रात दाबलेले माझे नमुने घेऊन तुझ्याकडे चार दिवस येतेय. सतरंजी काढून ठेव, आणि त्या गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवू नकोस.

तुझीच