किंमत जुळते, उतारही जुळतो

अवकाशयान कुठे आहे हे पृथ्वीवरच्या संगणकाला क्षणोक्षणी साठवून ठेवणे परवडत नाही. म्हणून ठरावीक क्षणांच्या नोंदी ठेवल्या जातात. प्रत्येक नोंदीत यानाचे स्थान असते आणि त्याच क्षणाचा वेगही असतो. दोन नोंदींच्या मधल्या एखाद्या क्षणी यान नेमके कुठे होते, हे या नोंदींवरूनच काढायचे असते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील ‘स्पाइस’ ही प्रणाली जगभरातले ग्रहशास्त्रज्ञ वापरतात. तिच्यातल्या यानांच्या मार्गाच्या फाइलींना क्रमांकाने ओळखले जाणारे प्रकार आहेत. त्यातले १२ आणि १३ हे दोन प्रकार हर्मिट अंतर्वेशनावर चालतात. नोंदी समान अंतराने असतील तर १२, नसतील तर १३.

अंतर्वेशन म्हणजे माहीत असलेल्या बिंदूंमधून जाणारी बहुपदी शोधून तिच्यावरून मधली किंमत काढणे. लाग्रांजची पद्धत फक्त किमती पाहते. दोन नोंदी दिल्या की तिला एक सरळ रेषा मिळते आणि तिथे तिचे काम संपते. वेग ही माहिती हाताशी असूनही वाया जाते. फ्रेंच गणिती शार्ल हर्मिट (१८२२–१९०१) यांनी १८७८ साली लाग्रांजच्या या सूत्रावरच लेख लिहिला आणि बहुपदीने दिलेल्या बिंदूंवर फक्त किंमतच नव्हे, तर तिचे अवकलजही जुळवावे असा विस्तार केला. दोन बिंदू, प्रत्येकी एक किंमत आणि एक उतार, म्हणजे चार अटी झाल्या. चार अटी पुऱ्या करणारी तिसऱ्या घातापर्यंतची बहुपदी नेहमी मिळते आणि ती एकच असते.

हे हाताने करून पाहण्यासाठी वर्गमूळ घेऊ, कारण त्यात खरे उत्तर तपासता येते. १०० चे वर्गमूळ १० आणि १४४ चे १२, हे तोंडपाठ आहे. वर्गमुळाच्या आलेखाचा उतार म्हणजे १ भागिले वर्गमुळाची दुप्पट. म्हणून १०० पाशी तो १/२० आणि १४४ पाशी १/२४ आहे. एवढ्या चार आकड्यांवरून १२२ चे वर्गमूळ काढायचे.

कागदावर प्रत्येक बिंदू दोनदा लिहायचा: १००, १००, १४४, १४४. मग शेजारच्या दोघांमधला उतार काढत जायचे. १०० आणि १४४ यांच्यात तो २/४४, म्हणजे १/२२. पण १०० आणि १०० यांच्यात भागाकार शून्य भागिले शून्य असा अडतो. तिथे दिलेला उतार १/२० बसवायचा. १४४ च्या जोडीतही तसेच, १/२४. सगळी युक्ती या एका पायरीत आहे. पहिल्या स्तंभात आता १/२०, १/२२, १/२४ हे तीन आकडे आले. शेजारच्यांची वजाबाकी करून ४४ ने भागले की −१/९६८० आणि −१/११६१६ मिळतात. या दोघांची वजाबाकी पुन्हा ४४ ने भागली की १/२५५५५२० येते.

प्रत्येक स्तंभातला वरचा आकडा घेऊन बहुपदी अशी उभी राहते:

```
H(x) = 10 + (x−100)/20 − (x−100)²/9680 + (x−100)²(x−144)/2555520
```

x = १२२ ठेवले तर १०० पासूनचे अंतर २२ आणि १४४ पासूनचे −२२. म्हणून उत्तर १० + १.१ − ०.०५ − ०.००४१७, म्हणजे ११.०४५८३. खरे वर्गमूळ ११.०४५३६ आहे. नुसती सरळ रेषा धरली असती तर उत्तर ११ आले असते. म्हणजे ०.०४५ ची चूक उतारामुळे ०.०००४७ वर आली.

ही चूक आधीच किती असेल हे सांगता येते का? येते, आणि पद्धतीचा खरा भरवसा तिथेच आहे. a आणि b हे दोन बिंदू असतील तर

```
f(x) − H(x) = f⁗(ξ)/24 · (x−a)²(x−b)²
```

इथे f⁗ म्हणजे चौथा अवकलज आणि ξ हा a व b यांच्या मधला कुठला तरी बिंदू. कंसांवरचे वर्ग सहज समजतात. दिलेल्या बिंदूवर चूक शून्य असते आणि चुकीचा उतारही शून्य असतो, कारण उतारही जुळवलेला आहे. चुकीचा आलेख तिथे अक्षाला फक्त स्पर्श करतो. २४ चे कारण थोडे खोल आहे. मधला एक x ठरवायचा आणि चुकीतून (x−a)²(x−b)² ची अशी पट वजा करायची की त्या x लाही बाकी शून्य होईल. ही बाकी आता तीन ठिकाणी शून्य आहे. रोलच्या प्रमेयाने तिचा उतार त्या तिघांमध्ये दोनदा शून्य होतो. a आणि b वर तो आधीच शून्य आहे, म्हणजे एकूण चार वेळा. आणखी तीनदा अवकलन केले की चौथा अवकलज निदान एका ठिकाणी शून्य होतो. वजा केलेल्या बहुपदीचा चौथा अवकलज ४!, म्हणजे २४ च्या पटीत असतो, म्हणून छेदात २४ येतो.

आपल्या उदाहरणात चौथा अवकलज ऋण आहे. म्हणून H चे उत्तर खऱ्यापेक्षा मोठेच यायला हवे होते, आणि तसेच आले. त्या अवकलजाची १०० आणि १४४ पाशी असलेली किंमत सूत्रात घातली तर चूक ०.०००२६ आणि ०.०००९२ यांच्या मध्ये असायला हवी. ती ०.०००४७ आहे.

अंतर निम्मे केले की चूक साधारण सोळावा भाग होते, कारण त्या दोन वर्गांतून अंतराचा चौथा घात येतो. १०० आणि १२१ मधून ११०.५ चे वर्गमूळ काढले तर अंतर ४४ ऐवजी २१ होते आणि चूक ०.००००३४ वर उतरते, म्हणजे सुमारे चौदावा भाग. म्हणून अचूकता हवी असेल तर एकाच बहुपदीत ढीगभर बिंदू कोंबण्यापेक्षा नोंदी जवळजवळ ठेवून शेजारच्या जोडीजोडीने काम करणे शहाणपणाचे. समान अंतरावरच्या खूप बिंदूंतून नेलेली एकच मोठी बहुपदी टोकांना जोरात हेलकावे घेऊ शकते आणि उतार जुळवूनही हा दोष जात नाही.

दोन गोष्टी पद्धत बिघडवतात. पहिली म्हणजे चुकीचा उतार. वरच्या उदाहरणात १०० पाशीचा उतार ०.००१ ने चुकला असता तर मध्यावरचे उत्तर अंतराच्या अष्टमांशपट, म्हणजे ०.००५५ ने सरकले असते. ही चूक पद्धतीच्या स्वतःच्या चुकीच्या दहापटीहून जास्त आहे. यानाच्या फाइलीत स्थान किलोमीटरमध्ये आणि वेग मीटरमध्ये लिहिला गेला तर हेच होते: वक्र प्रत्येक नोंदीतून बिनचूक जातो, पण मध्ये भलतीकडे वळतो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये यानाचे इंजिन चालू होणे. अचानक बदललेल्या वेगाला चौथा अवकलजच नसतो आणि चुकीचे सूत्र तिथे लागू होत नाही. अशा क्षणी मार्गाचे दोन वेगळे तुकडे करावे लागतात. दोन्ही दोष एकाच परीक्षेत उघडे पडतात: मधली एक नोंद बाजूला ठेवून शेजारच्या दोघींवरून ती काढायची आणि खऱ्या नोंदीशी ताडून पाहायची.

ज्यांना पेन्सिलीने करून पाहायचे असेल त्यांनी १४४ आणि १९६ घेऊन १७० चे वर्गमूळ काढावे. उत्तर १३.०३८६९ यायला हवे. खरे वर्गमूळ १३.०३८४० आहे.