काठमांडूची पोथी, पॅरिसचा धर्म

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय माणसाला जगातल्या धर्मांची मोजणी सोपी वाटत असे. ख्रिस्ती, यहुदी, महंमदाचे अनुयायी, आणि उरलेले सगळे मूर्तिपूजक. चीन, जपान, सयाम, श्रीलंका, तिबेट हे सारे देश या चौथ्या गठ्ठ्यात जात. चीनमध्ये गेलेले पाद्री ‘फो’ नावाच्या देवाबद्दल लिहीत, जपानहून आलेल्या पत्रांत ‘शाका’ असे, सयामच्या वर्णनांत ‘सोमोनाकोदोम’. ही नावे एकाच व्यक्तीची असावीत असा संशय काही जेझुइटांना आला होता. पण त्या व्यक्तीचा देश कोणता, काळ कोणता, तिच्या नावाने चालणाऱ्या या सगळ्या चालीरीतींना मिळून एक धर्म म्हणावे का, हे ठरलेले नव्हते.

ठरवायला पुरावा काय होता? मुख्यतः मूर्ती. बुद्धाच्या डोक्यावरचे केस कुरळे दिसतात, म्हणून जपानला जाऊन आलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केंफर याने तर्क केला की हा मूळचा आफ्रिकेतला, इजिप्तमधल्या मेंफिसचा पुजारी असावा आणि इराणच्या स्वारीनंतर तो पूर्वेला पळून आला असावा. केंफर कोणी ऐरागैरा नव्हता, जपानवरचा त्याचा ग्रंथ पुढे अनेक दशके प्रमाण मानला गेला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक विल्यम जोन्स यांनाही १७८६ मध्ये भारतातल्या प्राचीन मूर्तींत आफ्रिकेशी संबंध दिसला, आणि उत्तर युरोपातला ओडिन देव म्हणजेच बुद्ध असेल अशी शक्यताही त्यांनी मांडली. आज हे वाचून हसू येते. पण भारताच्या मैदानी प्रदेशात तेव्हा विचारायला एकही बौद्ध विहार चालू नव्हता आणि संस्कृतातले बौद्ध ग्रंथ पंडितांच्या घरांत सापडत नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

ते सापडले काठमांडूच्या खोऱ्यात. ब्रायन हॉजसन हा ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण अधिकारी १८२०च्या दशकात तिथल्या रेसिडेन्सीत नोकरीला होता. नेपाळ दरबार परदेशी माणसाला फिरू देत नसे. तेव्हा वेळ भरपूर आणि मोकळीक थोडी, अशा अवस्थेत त्याने पाटणचे वृद्ध बौद्ध पंडित अमृतानंद यांच्याशी ओळख केली. नेवार समाजातला बौद्ध धर्म हा संसारी माणसांचा. शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांतले पुरुष लहानपणी काही दिवस भिक्षू होतात, मग चीवर उतरवून लग्न करतात आणि विहारातले पौरोहित्य वंशपरंपरेने चालवतात. पोथ्या याच घरांत टिकल्या होत्या.

हॉजसनने अमृतानंदांना प्रश्नांची यादी करून दिली. जग कसे निर्माण झाले, ईश्वर आहे का, आत्म्याचे पुढे काय होते, असे ते प्रश्न. कोणत्याही ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला धर्माबद्दल हेच विचारावेसे वाटेल. अमृतानंदांनी पोथ्यांतले आधार काढून उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांतून १८२८ मध्ये हॉजसनचा निबंध तयार झाला. त्यात नेपाळी बौद्धांच्या चार तत्त्वज्ञानशाळा सांगितल्या होत्या: स्वाभाविक, ऐश्वरिक, यात्निक आणि कार्मिक. पुढची शंभर-दीडशे वर्षे बौद्ध धर्मावरच्या पुस्तकांतून ही चौकट फिरत राहिली. अडचण एवढीच, की अशा चार शाळा नेपाळात कोणाला भेटल्या नाहीत आणि जुन्या ग्रंथांतही शाळा म्हणून त्यांचा पत्ता लागला नाही. डेव्हिड गेलनर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये या प्रकरणाचा छडा लावला. सृष्टीच्या उगमाबद्दलचा प्रश्न बाहेरून आला, पंडितांनी त्यावर निरनिराळी मते निरनिराळ्या वचनांतून गोळा केली, आणि ती मते कागदावर उतरताना त्यांचे पंथ झाले.

इथे हॉजसनला खलनायक ठरवून मोकळे होता येते, पण मला ते पटत नाही. अमृतानंद हे केवळ माहिती पुरवणारे माणूस नव्हते. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’ची संस्कृत पोथी चौदाव्या सर्गातच तुटते. चिनी आणि तिबेटी भाषांतरांत हे काव्य अठ्ठावीस सर्गांचे आहे. अमृतानंदांनी उरलेला भाग खूप शोधला, मिळाला नाही, तेव्हा १८३० मध्ये चौदाव्याचा शेवट आणि पुढचे तीन सर्ग स्वतःच रचून पोथी पुरी केली. तसे त्यांनी शेवटी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले. १८९३ मध्ये केंब्रिजचे कॉवेल यांनी हे काव्य छापले तेव्हा ती भरही मुद्रणात आली. म्हणजे जी पोथी युरोप ‘मूळ’ म्हणून उघडत होता, तिच्यात एका जिवंत बौद्ध पंडिताची लेखणी नुकतीच फिरली होती.

हॉजसनने पोथ्यांच्या प्रती करवून कलकत्ता, लंडन आणि पॅरिसला पाठवल्या. पहिल्या दोन ठिकाणी त्या बहुतांशी कपाटात पडून राहिल्या. पॅरिसला १८३७ मध्ये चोवीस ग्रंथ पोचले आणि तिथे ते युजेन बर्नूफच्या हाती लागले. हा संस्कृतचा प्राध्यापक; त्याआधी लासेनबरोबर त्याने पालीवर पुस्तक लिहिलेले. प्रज्ञापारमितेतल्या पुनरुक्तीला कंटाळून त्याने ‘सद्धर्मपुंडरीक’ उघडले आणि त्याचे दोनेक वर्षांत भाषांतर केले. पण वाचकांना ते एकदम समजणार नाही, आधी प्रस्तावना हवी, असे त्याला वाटले. ती प्रस्तावना म्हणजे १८४४ चा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ. भाषांतर छापून आले ते १८५२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

केंफरच्या आफ्रिकी पुजाऱ्याला या ग्रंथाने कायमचे घरी पाठवले. बौद्ध धर्म भारतात जन्मला, तो समजायचा तर संस्कृत आणि पाली ग्रंथांतून, चिनी-तिबेटी साधने त्यानंतरची, हे बर्नूफने पक्के केले. त्याची रीत अशी होती: ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवायचे, भाषा आणि रचना पाहायची, साध्या गद्यातली सूत्रे आधीची मानायची, बोधिसत्त्व आणि चमत्कारांनी फुगलेली सूत्रे नंतरची, आणि तंत्रग्रंथ सगळ्यात शेवटी. थर सोलत गेले की तळाशी एक माणूस उरतो, जातिभेदाच्या पलीकडे जाऊन नीती शिकवणारा. कालक्रम लावण्याची ही पद्धत आजही पुष्कळशी उपयोगाची आहे. मात्र तिने आणखी एक गोष्ट नकळत केली. जे आधीचे ते शुद्ध, जे नंतरचे ते बिघडलेले, असा निवाडा कालक्रमातच मिसळला. तंत्रग्रंथांबद्दल बर्नूफने नाक मुरडले. अमृतानंदांच्या घरातल्या पोथ्यांवरून बनलेल्या चित्रात अमृतानंदांचा स्वतःचा धर्म ऱ्हासाच्या खात्यात जमा झाला.

एडवर्ड सैद यांचे ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ मध्ये आल्यापासून अशा गोष्टींचे एक तयार उत्तर मिळते: हे ज्ञान म्हणजे सत्तेचे हत्यार. पण नेपाळवर कंपनीचे राज्य नव्हते, बर्नूफ भारतात कधी आला नाही, आणि फ्रान्सला या पोथ्यांतून मिळवण्यासारखा एक बिघा जमीनही नव्हती. सैद यांचा भर अरब जगावर होता. त्यांचे सूत्र इथे जसेच्या तसे बसवायला गेले तर अमृतानंद पुन्हा एकदा गायब होतात. चार्ल्स हॅलिसी यांनी १९९५ मध्ये हीच तक्रार केली: युरोपीय अभ्यासक आशियातल्या पंडितांकडून नुसती माहिती घेत नव्हते, मूळ ग्रंथाला प्रमाण मानण्याची वृत्ती त्या पंडितांतही होती आणि तिचा परिणाम अभ्यासकांवर होत होता.

मग या चौकटीने नेमके कुठे फसवले? याचे उत्तम उदाहरण आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावरचा प्राकृत लेख सांगतो की हा धातूसहित, म्हणजे पवित्र अवशेष ठेवलेला खांब सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय पंथातल्या सातिमित नावाच्या भाणकाने दिला. भाणक म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारा भिक्षू. कान्हेरीतही भिक्षू आणि भिक्षुणींच्या देणग्यांचे लेख आहेत, सांची आणि भरहूतला तर पुष्कळच. आता ग्रंथांतला आदर्श भिक्षू अपरिग्रही, त्याच्याजवळ पैसा नसतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अनेक वर्षे शिकवलेले गेऑर्ग ब्यूलर सांचीचे लेख संपादत असताना त्यांना हा पेच पडला. भिक्षूंची मालमत्ता नसतेच, तेव्हा खांबांचे पैसे त्यांनी भीक मागून जमवले असणार, असा उलगडा त्यांनी केला. लेखात भिक्षेचा उल्लेख नाही. दगडावर जे स्पष्ट कोरले होते ते ग्रंथातल्या नियमाला जुळावे म्हणून वाकवले गेले.

ग्रेगरी शोपेन यांनी १९९१ च्या एका निबंधात ही सवय पकडली आणि तिला प्रोटेस्टंट गृहीतक म्हटले. खरा धर्म ग्रंथात असतो, अवशेषांची पूजा आणि दानधर्म हा नंतर शिरलेला पुरोहिती मळ, असे युरोपात सोळाव्या शतकापासून ऐकत आलेला माणूस लेण्यांतही तेच शोधतो. शोपेन यांचा टोला अधिक झोंबणारा आहे तो यामुळे, की मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयग्रंथात भिक्षूंची खासगी मिळकत, कर्ज, वारसा यांचे नियम सविस्तर दिलेले आहेत. म्हणजे ग्रंथही नीट वाचले गेले नव्हते. वाचले गेले ते आदर्शाला सोयीचे. शोपेन यांचीही मर्यादा आहे. देणगीचा लेख पैसे असणाऱ्याचाच असतो, रिकाम्या हातांनी डोंगरात राहिलेल्या भिक्षूचे नाव खांबावर कोण कोरणार?

हे चित्र फिरून आपल्याकडे आले ते इंग्रजीतून. मराठीत आलेली बुद्धचरित्रे वाचून गोव्याचे धर्मानंद कोसंबी घराबाहेर पडले आणि १९०२ च्या सुमारास बौद्ध धर्म शोधत नेपाळात पोचले. तिथल्या बौद्धांचे आचार पाहून त्यांची घोर निराशा झाली, असे त्यांनी ‘निवेदन’मध्ये लिहिले आहे. मनातला बुद्ध तिथे भेटेना, म्हणून ते सिंहलद्वीपाला गेले, तिथे पाली शिकले आणि भिक्षू झाले.

आंबेडकरांनी हे चित्र वापरले आणि मोडलेही. इंग्रजी भाषांतरे त्यांनी बारकाईने वाचली होती, पण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रारंभीच त्यांनी शंका काढली की एकोणतिसाव्या वर्षापर्यंत म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलेच नाही, ही सिद्धार्थाची कथा पटण्याजोगी नाही. चार आर्यसत्ये मूळ उपदेशात होती का, हेही त्यांनी विचारले. बुद्धवचन कोणते याची कसोटी त्यांनी स्वतः ठरवली: जे विवेकाला धरून आहे आणि माणसाच्या हिताचे आहे, तेच. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी महाबोधी संस्थेच्या मासिकातल्या परीक्षणात म्हटले गेले की या पुस्तकाचे नाव ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असायला हवे होते. आक्षेप खोटा नाही. पण साधी सूत्रे आधीची, चमत्कार नंतरचे आणि तंत्र टाकाऊ, ही निवड पॅरिसमध्ये १८४४ सालीच एकाने केली होती, आणि त्याच्या ग्रंथाला मात्र भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना असेच नाव मिळाले.