वरचं अर्धं पान

गेल्या महिन्यात मंचरकडच्या एका तरुणाला त्याच्या भावाने माझ्यासमोर आणून बसवलं. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात मेनियासाठी अकरा दिवस राहून आलेला. हातात डिस्चार्ज समरी, मोजून चौदा पानं. रोजची नाडी, रोजचा रक्तदाब, किती वाजता नाश्ता दिला तेही. लिथियम चालू केलंय हे नवव्या पानावर कळलं. का चालू केलं ते कुठेच नव्हतं. रक्तात त्याची पातळी किती आली तेही नव्हतं. आणि शेवटच्या पानावर छापील वाक्य: ‘नियमित तपासणीस यावे’. कुणाकडे, कधी, काय तपासायला, याचा पत्ता नाही.

या दिवाळीनंतर मी खाटा बंद करतोय. गुडघे जिने चढत नाहीत आणि रात्रीच्या पाळीला नर्स मिळत नाहीत. बाह्यरुग्ण विभाग चालेल तेवढा चालेल. आवरताना जुनी कार्डं बाहेर काढली आणि त्या चौदा पानांचा राग मनात असतानाच ती वाचत बसलो. तेव्हा पुढचं थोडं कडू लागलं तर समजून घ्यावं.

शिकण्याच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डिस्चार्ज समरी तेव्हा सगळ्यात ज्युनिअर पोरगा लिहायचा, रात्री बारानंतर, जांभया देत. सुरुवात ठरलेली: ‘रुग्ण अमुक दिवसांपूर्वीपर्यंत पूर्ण बरा होता’. शेवट ठरलेला. मधे औषधांची यादी. ती वाचणारा माणूस कोण, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही आणि आम्हालाही पडला नाही.

तो पडला नारायणगावात आल्यावर. 2006 ते 2016 ही माझी खरी दहा वर्षं. जुन्नर-आंबेगावात तेव्हा आमच्या विषयाचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. भीमाशंकरच्या अंगाच्या वाड्यांतून माणूस आणायचा तर अर्धा दिवस एसटीत जायचा. सुट्टी झालेला पेशंट पुन्हा माझ्याकडे येईलच याची खात्री नसायची. तो जायचा गावच्या डॉक्टरकडे. ताप आला, कंबर धरली, जुलाब लागले की तिथे. म्हणजे माझी समरी वाचणार होता तो गावचा डॉक्टर, त्याच्यानंतर मेडिकलवाला, आणि सगळ्यात जास्त वेळा घरची बाई.

हे मला एका माणसाने शिकवलं, आणि त्याची किंमत त्याने मोजली. साल 2007. पन्नाशीतला शेतकरी, मेनियातून आठ दिवसांत छान खाली आला. कार्डावर मी लिहिलं: लिथियम 300, सकाळी एक, रात्री दोन. बस. एप्रिलमध्ये टोमॅटोच्या तोडणीत त्याची कंबर धरली. गावच्या डॉक्टरने डायक्लोफिनॅकची सुई मारली, वर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. उन्हात घाम, वर ती गोळी. दोन्हींमुळे मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं कमी करतं आणि ते रक्तात साचत जातं. चौथ्या दिवशी उलट्या, मग पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. पारावर लोक म्हणाले, परत प्यायला लागला. माझ्याकडे आणला तेव्हा हात नुसते थरथरत नव्हते, झटके देत होते. पातळी 2.2 निघाली. 1.2 च्या वर आम्हाला नको असते, 2 च्या पुढे जीव धोक्यात. सलाईन लावून पुण्याला पाठवला. वाचला.

आठवड्याने तो डॉक्टर स्वतः आला. माझं कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “सर, यात कुठं लिहिलंय की ही सुई द्यायची नाही?” नव्हतंच लिहिलेलं. पुस्तकात होतं, माझ्या डोक्यात होतं, कार्डावर नव्हतं. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा तेवढा दिला.

त्यानंतर मी समरी अर्ध्या पानात लिहायला लागलो. प्रत्येक ओळीला एकच चाचणी लावायची: रात्री अकरा वाजता गावच्या डॉक्टरला हिचा उपयोग आहे का? नसेल तर ती ओळ खोडायची.

नमुना म्हणून 2009 मधला एक सांगतो. दोन-तीन माणसं मिळून एक केलाय. गाव, वय बदललंय. एकतीस वर्षांचा द्राक्षबागायतदार. पाडव्याच्या आसपास तमाशाच्या राहुट्या लागतात तेव्हा याने गावाला न विचारता यात्रेची सुपारी देऊन टाकली. चार दिवसांत गाड्याच्या दोन बैलांचा विसार दिला, तोही उसन्या पैशांनी. रात्री तीन वाजता गाडामालकांना फोन. दोन तास झोपायचा आणि पहाटे बागेत ताजातवाना. थोरल्या भावाने अडवलं तर त्याच्यावर हात उचलला. पाच वर्षांपूर्वी असाच एक झटका आला होता, तेव्हा व्हॅल्प्रोएट चालू केलेलं. वजन वाढलं, केस गळाले, वर्षभरात त्याने आपणच बंद केलं. नऊ दिवस आमच्याकडे होता.

समरीच्या पहिल्या ओळीत निदान आणि ‘दुसरा झटका’ एवढंच. दारू नाही, गांजा नाही, हे लगेच खाली, कारण पुढचा डॉक्टर पहिला संशय तोच घेणार. मग औषधं, आणि प्रत्येकापुढे कारण. लिथियम का? कारण त्याच्या चुलत्याला हाच आजार आहे आणि तो बारा वर्षं लिथियमवर नीट आहे. घरात एकाला लागू पडलेलं लिथियम दुसऱ्याला लागू पडण्याची शक्यता जास्त असते. व्हॅल्प्रोएट का नाही? कारण त्याने ते एकदा सोडलंय, आणि ज्या कारणासाठी सोडलं ते कारण अजून आहे. एवढी दोन वाक्यं नसतील तर सहा महिन्यांनी कुणीतरी नवा डॉक्टर ‘बघू, हे देऊन’ म्हणत पुन्हा तिथूनच सुरुवात करतो.

व्हॅल्प्रोएटवरून एक जुना हिशोब चुकता करतो. त्या दशकात ते गोळीसारखं नव्हे, चुरमुऱ्यासारखं वाटलं जायचं. पातळीची कटकट नाही, लवकर लागू पडतं, एमआर रोज दारात. लग्न ठरलेल्या मुलींनाही दिलं गेलं. गरोदरपणात ते चालू असेल तर शंभरात सुमारे दहा बाळांत मोठा जन्मजात दोष येतो, शिवाय पुढे बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. मीही दिलं, आणि कार्डावर त्याबद्दल एक अक्षर न लिहिता दिलं. आज एखाद्या तरुणीला ते नाकारलं तर का नाकारलं हेही समरीत लिहितो, नाहीतर पुढचा कुणी चांगल्या मनाने तेच चालू करतो.

तर आपला बागायतदार. पहिल्या दोन रात्री हॅलोपेरिडॉलची सुई लागली. ती संपली, पुढे चालू नाही, असं स्पष्ट लिहिलं. लोराझेपाम झोपेसाठी, आणि त्यापुढे ते बंद करण्याची तारीख. ही तारीख नसली की ती गोळी दोन-दोन वर्षं मेडिकलमधून घेतली जाते. ओलान्झापिन रात्री 15 मिलिग्रॅम: लिथियमचा जोर चढेपर्यंतचा आधार, पहिले दोन-तीन महिने, मग माझ्या देखरेखीखाली कमी करायचं. वजन 61 किलो आणि साखर लिहून ठेवली, कारण या गोळीने दोन्ही वाढतात आणि सुरुवातीचा आकडा नसेल तर वाढलं किती हे कळणार कसं?

लिथियमची ओळ सगळ्यात लांब. साधी 300 ची गोळी, सकाळी एक, रात्री दोन. तीच कंपनी, मेडिकलवाल्याने हळू विरघळणारी 400 ची दिली तर घेऊ नये, तिचा हिशोब वेगळा. आठव्या दिवशीची पातळी 0.82, शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी काढलेली. हे बारा तास लिहावेच लागतात. सकाळी गोळी घेऊन लगेच रक्त दिलं की आकडा फुगतो, कुणीतरी घाबरून डोस कमी करतो आणि दीड महिन्यात माणूस पुन्हा बैल बघत फिरतो. क्रिएटिनिन 0.9, थायरॉईड ठीक. पुढची पातळी एका आठवड्याने, मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी. मूत्रपिंड आणि थायरॉईड दर सहा महिन्यांनी. रक्त नारायणगावात काढायचं, ते पुण्याला जातं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्याखाली चौकटीत 2007 ची ओळ: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये, पॅरासिटामॉल चालेल, उलट्या-जुलाब लागले तर लिथियम थांबवून फोन करावा.

खालचा भाग मराठीत, घरच्यांसाठी. तो मी त्याच्या वहिनीला विचारून लिहिला. आधी काय दिसलं होतं, म्हटल्यावर ती म्हणाली, “झोप नंतर उडाली, डॉक्टर. आधी दाढी रोज करायला लागले आणि रेडिओ मोठा.” तसंच लिहिलं: रोज दाढी, रेडिओ मोठा, दोन रात्री झोप कमी, की तिसऱ्या दिवसाची वाट न बघता आणावे. मीठ नेहमीएवढं, पाणी भरपूर, निर्जळी उपास नको. आणि एक ओळ जी कुठल्याच पुस्तकात नव्हती: बैलांच्या विसाराचं भावाने बघावं, मालकांशी याने बोलू नये. मेनिया उतरल्यावर माणूस पहिल्यांदा आपला हिशोब बघतो. त्यानंतरच्या दोन महिन्यांत उदासीने गाठलं तर ती अशा व्यवहारांच्या वाटेने येते, आणि जीव देण्याचे विचारही तेव्हाच. म्हणून पहिली भेट सातव्या दिवशी, भावासकट, वार घालून: बाजाराचा दिवस, गाडी मिळते.

सगळीच कार्डं अशी निघाली नाहीत. कित्येक माणसं सातव्या दिवशी आली नाहीत, काही परत आलीच नाहीत. अर्धं पान माणसाला गोळी गिळायला लावत नाही.

मग 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, 2018 पासून लागू झाला. सुट्टीच्या वेळी पुढची आखणी पेशंटशी बोलून करावी हे त्यात आलं, मानसिक आजारालाही इतर आजारांसारखा विमा द्यावा हे आलं. दोन्ही चांगलं, दोन्ही फार उशिरा. पण विम्याचा माणूस कागद मागतो, वकिलाची भीती आणखी कागद मागते, आणि संगणक ते न थकता पुरवतो. समरी आता गावच्या डॉक्टरसाठी लिहिलीच जात नाही. ती लिहिली जाते क्लेमसाठी.

त्या मंचरच्या मुलासाठी मी पुण्याला फोन लावला. तिसऱ्या खेपेला तिथली एक निवासी डॉक्टर सापडली. गोड पोरगी, कामाने पिचलेली. तिने संगणकात बघून सांगितलं: पातळी 0.9, सुट्टीच्या आदल्या दिवशीची. “सर, ती आपोआप यायला पाहिजे होती.” व्हॅल्प्रोएट का दिलं नाही, तेही तिला तोंडपाठ होतं: यकृताचे आकडे वाढलेले होते. लिहायला जागा नव्हती, म्हणाली. चौदा पानांत.

मी अर्धं पान लिहिलं, फाईलच्या वर स्टेपल केलं. भाऊ ते वाचून म्हणाला, “आणि या बाकीच्या पानांचं काय करू?”

“विम्याला द्या,” म्हटलं. “हे वरचं तेवढं झेरॉक्स काढून गावच्या डॉक्टरांकडे ठेवा.”